मी आले तेव्हा

गेली बावीस वर्षं मी वर्षाला एक-दोन खून करते. फ्रान्समधल्या बझांसों गावी फ्रेंच शिकायला येणाऱ्या परदेशी मंडळींसाठी छोट्या रहस्यकथा लिहायच्या, हा माझा धंदा. शिकणाऱ्यांच्या सहा पायऱ्या असतात, माझे वाचक चौथीवरचे. म्हणजे बाजारात चीज मागताना न अडखळणारे, पण भांडताना अजून हरणारे लोक. प्रकरण नऊशे शब्दांचं, पानाला जास्तीत जास्त सहा तळटिपा, आणि शेवटी प्रश्न. असल्या पुस्तकांना कोणी साहित्य म्हणत नाही. माझी त्याबद्दल तक्रारही नाही. लोक म्हणत नाहीत तेच बरं.

चौथ्या पायरीला रहस्यकथाच का, असं नवे शिक्षक विचारतात. कारण या पायरीवर क्रियापदाचं रूप सगळ्यांना येतं, पण कुठलं कधी वापरायचं हे कळत नाही. आणि रहस्यकथा म्हणजे भूतकाळांची मारामारीच. धुकं होतं, दिवा जळत होता, म्हातारी विणत होती: हा अपूर्ण काळ, त्याला सुरुवात आणि शेवट नसतो. दार वाजलं, कुत्रा भुंकला: हा साधा, एकेक घटना पुढे सरकवणारा. आणि गुन्हा नेहमी पूर्ण भूतकाळात असतो, कारण इन्स्पेक्टर येतो तोवर तो घडून गेलेला असतो. चौथा एक छापील भूतकाळ आहे. तो कोणी बोलत नाही, वाचताना ओळखला तरी पुरे.

वर्गात मी फळ्यावर एकच वाक्य लिहिते. मी आलो तेव्हा तो पडला होता. मी आलो तेव्हा तो पडला. मी आलो तेव्हा तो पडत होता. पहिल्यात साक्षीदार निर्दोष, दुसऱ्यात संशयित. तिसऱ्याबद्दल मी वर्गात फारसं बोलत नाही.

पहिली एकोणीस वर्षं या कथा मी आणि माझी मैत्रीण जोझियान मिळून लिहीत होतो. कथानक तिचं, भाषा माझी. ती कोणाला कुठे मारायचं ते ठरवायची, मी काळ लावायचे, अवघड शब्द काढायचे, प्रश्न तयार करायचे. तिची मुलगी क्लारिस आमच्या टेबलाखाली खेळत मोठी झाली. मी तिची धर्ममाता. मला नवरा नाही, मूल नाही. क्लारिस आहे. आमच्या छोट्या प्रकाशनात आता ती संपादक आहे, आणि दर रविवारी अकराला कान्क्वायोतचा डबा घेऊन माझ्याकडे येते. ते पातळ चीज उकडलेल्या बटाट्यांवर ओतून आम्ही जेवतो. आठवड्यात माणसासोबत जेवणं माझं तेवढंच.

जोझियान तीन वर्षांपूर्वी जानेवारीत गेली. ती राहायची त्या जुन्या घराला आमच्या गावात असतो तसा अंगणातला उघडा लाकडी जिना होता. सकाळी दव गोठलेलं. साडेअकराला मी अंगणात गेले आणि तिला खाली फरशीवर पाहिलं, असं मी पोलिसांना सांगितलं.

"म्हणजे तुम्ही यायच्या आधीच?" तरुण पोलिसाने विचारलं.

"आधीच. मी आले तेव्हा ती पडली होती."

त्याने टाइप केलं. पडणारी बाई असेल तर फ्रेंचमध्ये त्या क्रियापदाच्या शेवटी एक जादा अक्षर लागतं, जे ऐकू येत नाही. तो ते विसरला होता. मी बोट ठेवून त्याची चूक दाखवली, त्याने दुरुस्त केली, आणि मग मी सही केली.

क्लारिस ल्योंहून धावत आली तेव्हा तिचा एकच प्रश्न होता. कोणाला काही करता आलं असतं का? मी नाही म्हटलं. त्या नाहीवर ती जगली. त्या नाहीवर माझे रविवारही उभे होते.

यंदाच्या पुस्तकात मी जिना घातला. का घातला, देव जाणे. कथानक सुचवणारी गेली होती, तिने मागे ठेवलेली कथानकंही संपली होती, आणि मला स्वतःला एवढाच एक मृत्यू ठाऊक होता. खबरदारी म्हणून मेलेला माणूस पुरुष केला, निवृत्त घड्याळजी. साक्षीदार त्याचा भाडेकरू. चौथ्या प्रकरणात तो इन्स्पेक्टरला सांगतो: मी आलो तेव्हा तो पडला होता.

पहिली मुद्रितं आली. त्यात होतं: मी आलो तेव्हा तो पडत होता.

मी लाल शाईने दुरुस्त केलं. दुसरी मुद्रितं आली. पडत होता. मी क्लारिसला फोन केला.

"तुमच्याकडचा तो नवा जुळणीवाला झोपा काढतो का?"

"मिरेय, तुझ्या मूळ फाइलमध्येच तसं आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, तू मुद्दाम केलंस. मला आवडलंही. साक्षीदार एकदम वाईट माणूस वाटायला लागतो."

"वाईट कसा?"

"अगं, पडत होता म्हणजे अजून पडला नव्हता. तेव्हा काहीतरी करता येतं. तूच तर शिकवलंस मला हे, मी नऊ वर्षांची असताना."

मी फाइल उघडली. पडत होता. मी बदललं, जतन केलं, बंद केली, पुन्हा उघडली. पडला होता. कागदावर छापून पाहिलं. ठीक होतं. कागद टेबलावर ठेवून कॉफी करायला गेले. परत आले तेव्हा कागदावर शाई वाळलेली होती, आणि पडत होता.

मी घाबरट बाई नाही. वय एकसष्ट, डोळे अधू, मन थकलेलं, असं मी स्वतःला सुनावलं. पण खरं तेच लिहिते, कारण आता लपवण्यात काही उरलेलं नाही. त्या सकाळी जोझियानने फोनवर सांगितलं होतं की पॅरिसच्या प्रकाशकाने तिला एकटीला बोलावलंय. "कथानक लागतं गं," ती म्हणाली. "काळ काय, कोणीही लावेल." मी तडक तिच्याकडे गेले. जिना चढले. माझा आवाज ऐकून ती सपाता घालून बाहेर आली, मला अजून काहीतरी ऐकवायला, आणि दवावरून घसरली. कठड्याचा एक गज तुटलेला होता, त्या फटीतून ती बाहेर गेली, आणि शेजारचा गज एका हाताने धरून लटकली. मी दोन पायऱ्या खाली होते. मी तिला ढकललं नाही. मी काहीच केलं नाही. एखादी ओळ वाचायला लागतो तेवढा वेळ ती पडत होती.

पुस्तक छापायच्या आधी आम्ही ते एका खऱ्या वर्गावर तपासतो. बारा जण, मंगळवारी दुपारी तीन वाजता, नदीकडच्या खोलीत. क्लारिस मागच्या बाकावर टिपणं घेत बसली. मी प्रकरण मोठ्याने वाचलं, आणि त्या वाक्यापाशी जीभ घट्ट धरून म्हटलं: पडला होता. मग प्रकरणाखालचा शेवटचा प्रश्न दिला, जो दर वेळी असतो. तोच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगा. ऐंशी शब्द, भूतकाळात. मेलेल्या घड्याळजीच्या बाजूने लिहा.

"मेलेला माणूस कसा सांगेल, मादाम?" ब्राझीलच्या एव्हांद्रोने विचारलं. वर्ग हसला.

"व्याकरणाची त्याला हरकत नाही," मी म्हटलं.

वीस मिनिटं फक्त पेनं वाजली. कोणी मान वर केली नाही, कोणी शब्द विचारला नाही. एरवी पोलंडची बोझेना दर दोन मिनिटांना शब्द मागते. खोलीत हीटर चालू होता, पण मी कोट काढला नव्हता.

क्लारिसने कागद गोळा केले आणि ती वाचायला लागली. विद्यार्थी निघून गेले.

"गंमत आहे," ती म्हणाली. "सगळ्यांनी बाईच्या तोंडून लिहिलंय. घड्याळजी पुरुष आहे ना? हे बघ. बाहेर आले होते. लटकले होते. शेवटचं ते न ऐकू येणारं अक्षर सगळ्यांनी न चुकता लावलंय."

"चूक झाली असेल."

"बारा जणांची?"

तिने पुढचा कागद घेतला, मग त्याच्या पुढचा. आता ती हसत नव्हती. ती वाचू लागली, मला ऐकवायला नव्हे, स्वतःलाच.

"मी सपाता घालून बाहेर आले होते."

कागद बदलला.

"गज थंड होता. माझी बोटं सुटत होती."

कागद बदलला.

"ती दोन पायऱ्या खाली उभी होती. मी तिचं नाव घेतलं."

"क्लारिस, पुरे," मी म्हटलं.

"ती माझ्याकडे पाहत होती."

कागद बदलला.

"ती आली तेव्हा मी पडत होते."

तिने कागद खाली ठेवले. नदीवरून एक बोट गेली.

"सपातांचं बाहेरच्या कोणालाच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पोलिसांनी त्या फक्त मला दाखवल्या होत्या. तुझ्या पुस्तकात सपाता नाहीत."

बोलण्यासारखं एकच वाक्य होतं आणि त्यातलं क्रियापद मला लावता येत नव्हतं.

क्लारिसने बाराही कागद माझ्यापुढे सरकवले आणि वर माझं लाल पेन ठेवलं.

"तपास," ती म्हणाली. "तू बावीस वर्षं तपासतेस. यात कुठे चूक असेल तर दाखव. एक जरी दाखवलीस ना, मिरेय, तरी मी रविवारी येईन."

चौथ्या पायरीचा माणूस ऐंशी शब्दांत सात-आठ चुका करतो. कमी करतच नाही. मी एव्हांद्रोचा कागद घेतला, मग बोझेनाचा, मग बाकीचे. सावकाश, बोट ठेवून. अपूर्ण काळ जिथे हवा तिथे होता. पूर्ण भूतकाळ जिथे हवा तिथे होता. जादा अक्षर प्रत्येक ठिकाणी होतं.

क्लारिस दारात थांबली होती.

मी पेनाला टोपण लावलं.