न विचारलेलं

दिवा आहे तेवढाच राहू द्या. त्या रविवारी दुपारी मी बायकोचे कान तपासायला का निघालो होतो, तिथूनच सांगतो.

मी कान तपासतो. दवाखान्याच्या मागच्या अंगाला माझी खोली आहे आणि त्या खोलीत कपाटाएवढी आणखी एक खोली. जाड दार, भिंतींना आतून फोम. माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी बाहेर काचेपाशी बसून बारीक सूर सोडतो. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, म्हणजे माझ्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. काही जण सूर नसतानाही दाबतात. बिचारे खोटं बोलत नसतात, ऐकायला इतके टपलेले असतात की त्यांना शांतताही वाजते. मी हसून म्हणायचो, "आजोबा, मी अजून काही सोडलंच नाही हो!"

आणि घरी जाऊन मीही तेच करायचो.

बायको घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घेते. तिच्याबरोबर काम करणारा एक जण आहे, उंच, मान पुढे काढून चालणारा. आम्ही त्याला जिराफ म्हणतो. साधा माणूस. दोनदा आमच्याकडे जेवून गेलाय, ताट स्वतः धुऊन ठेवतो. तिला पाऊण तास उशीर झाला की माझ्या पोटात गोळा यायचा. कुठे होतीस? कोण होतं? मग फोन का नाही उचललास? ती उत्तर द्यायची, मला बरं वाटायचं, आणि चहा निवायच्या आत त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. ती अंघोळीला गेली की मी तिचा फोन बघायचो. एकदा तिनं ओल्या केसांनी दारात उभं राहून मला पाहिलं. मग वळून आत जाऊन केस पुसत राहिली. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही. तिच्यासारखी बाई माझ्यासारख्याजवळ का राहते, याचं कारण मला कधी सापडलं नव्हतं, म्हणून ती कधी जाईल याच्या खुणा मी शोधत बसायचो.

शेवटी ती म्हणाली, "मी काही केलेलं नाही, हे मी कसं दाखवू? तूच सांग, मी तसं करते. नाहीतर मला जाऊ दे. मी दमलेय रे."

मी समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. त्यांनी वही करायला लावली. एका बाजूला काय दिसलं, दुसऱ्या बाजूला मी काय रचलं. 'सात दहाला आली' हे दिसलेलं, 'कुणाबरोबर तरी होती' हे रचलेलं. प्रश्न आला की घड्याळ बघायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. फोन बघायचा नाही. 'आज फार दमलीस का गं?' असा वेष बदलून आलेला प्रश्नही विचारायचा नाही, कारण तिनं दिलेला दिलासा मला पुढच्या दिलाशाची चटक लावतो. हवं तर खरं सांगायचं, "मला भीती वाटतेय, तुझा दोष नाही," आणि तिथेच थांबायचं. बाई म्हणाल्या, "मनात येणं तुमच्या हातात नाही. तोंडातून काढणं आहे. तेवढंच सांभाळा."

मी सांभाळलं. नऊ आठवडे एकही प्रश्न नाही. वीस मिनिटांनी गोळा खरंच विरायचा, कधी दहातच. ती पुन्हा स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली होती.

मग एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "सांगितलं ना मघाशी. एकटीच होते."

"मी काही विचारलं नाही."

"आतल्या खोलीतून विचारलंस की." तिनं सुरी खाली ठेवली. "हळू आवाजात. रोज विचारतोस. मला वाटलं, तू प्रयत्न करतोयस, म्हणून मी ओरडत नव्हते."

माझ्याच नकळत तोंडातून जातं की काय, म्हणून मी पुढचे दोन दिवस घरात असताना ओठांना चिकटपट्टी लावली. हसू नका. दुसऱ्या दिवशी माझ्या पट्टीकडे बघतच ती रडायला लागली, कारण तिला तेव्हाही ऐकू येत होतं.

म्हणून त्या रविवारी तिला बरोबर घेतलं. दवाखाना बंद होता, खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. मी आधी यंत्र तपासलं, मग तिला आत बसवलं आणि दार लावलं. फोमचा तो कोंदट रबरी वास बाहेरपर्यंत आला. तिचे कान उत्तम होते, प्रत्येक सुराला दिवा लागला. मग मी यंत्र बंद केलं. माझा माईक बंद केला, वायरही उपसून हातात धरली. तिचा आवाज तेवढा माझ्याकडे येत होता. मी ओठ मिटून बसलो आणि काही म्हणजे काही मनात आणायचं नाही असं ठरवलं.

असं ठरवून कधी कुणाला जमलंय? काल जिराफाची गाडी...

हिरवा दिवा लागला.

"नाही," स्पीकरमधून ती म्हणाली. "मी बसनं आले."

नको, हे नको, दुसरं काहीतरी... पण त्या निळ्या ओढणीत ती...

दिवा.

"आईनं दिलेली आहे रे ती. तुझ्यासमोरच तर दिली..."

माझ्या हातात वायर लोंबत होती. तिनं काचेतून ती वायर पाहिली, माझे मिटलेले ओठ पाहिले. तिचा चेहरा पांढरा पडला. तरी तिचा अंगठा बटण दाबायचा थांबेना, दिवा लागतच राहिला, लागतच राहिला, आणि ती उत्तरं देत राहिली... कुठे, कधी, किती वाजता. मी धावत जाऊन दार उघडलं.

"तू काही केलेलं नाहीस," मी म्हणालो. "हे माझं आहे. मला थांबवता येत नाहीये."

"माहितेय," ती म्हणाली. तिनं माझा हात धरला. "तू खरंच प्रयत्न केलास. पण मी आता कुठं जाऊ?"

तुझ्या धाकट्या बहिणीकडे जा, असं मीच म्हणालो. बसनं चार तास लागतात, इतक्या लांब तरी माझे प्रश्न नाही पोचणार. तिला थांब्यावर सोडलं. पोचल्यावर फोन कर, असंही म्हणालो नाही. बस वळेपर्यंत ती खिडकीतून हात हलवत होती.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता तो आला. गोळा. मी वही उघडली. दिसलेलं: ती बसमध्ये बसली. रचलेलं: ती बहिणीकडे गेलीच नसेल. घड्याळ बघितलं, फोन उपडा ठेवला आणि भिंतीला टेकून बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. यावेळी गोळा विरेना. तरी मी फोनला हात लावला नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा.

एकोणिसाव्या मिनिटाला फोन वाजला. मेहुणी होती. दबक्या आवाजात बोलत होती.

"भाऊजी, ताई आता कुठं झोपलीये. कालपासून भिंतीकडे तोंड करून नुसती उत्तरं देत होती..."

"बरं," मी म्हणालो. माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

"आणि भाऊजी..." ती थांबली. "मघापासून मला का विचारताय? खरंच सांगते हो, ती इथेच आली. माझ्याकडेच आहे."