शनिवारी फुटलेला पेपर

बसा पोरांनो. इन्व्हर्टर उतरलाय आणि वीज काही तासाभरात यायची नाही. पुस्तकं मिटा आणि तो कंदील मध्ये ठेवा. तुमच्यातल्या दोघांचा परवा पेपर आहे, म्हणून हे आज सांगतो. तुम्ही मला मानाने बासा म्हणता, वरच्या खोल्या भाड्याने घेता, पण मी आधी कुठे बाबू होतो ते कुणी विचारलं नाही. मूंडासरच्या सीनियर शाळेत. एकोणतीस वर्षं. तिथे जे झालं ते माझ्या साडूच्या पुतणीवर बेतलं. तिचं नाव इमरती. अर्धं तिच्या तोंडून ऐकलंय, अर्धं पोलीस चौकीच्या मुन्शीकडून, आणि थोडं माझं स्वतःचं आहे.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीतला दुसरा शनिवार. शिक्षक भरतीची परीक्षा रविवारी सकाळी दहाला. इमरतीचं सेंटर आमच्याच शाळेत आलं होतं आणि ती दोनशे किलोमीटरवरून बसने एकटी आली होती. आमच्या घरी उतर म्हटलं तर नको म्हणाली. पाहुणचारात रात्र जाते, धर्मशाळेतच मन लागतं वाचायला. वय सदतीस चालू. ही शेवटची संधी, पुढच्या भरतीला वयात बसणार नव्हती. त्याआधी एक परीक्षा तिने दिली होती, पण पेपर फुटला म्हणून रद्द झाली. पोरीने आठ वर्षं या एका नोकरीवर काढली होती.

रात्री नऊ चाळीसला तिच्या लक्षात आलं, की ओळखपत्राची झेरॉक्स आणलीच नाही. ती घ्यायला बाहेर पडली. बस स्टँडसमोर एकच दुकान उघडं होतं, शटर अर्धं खाली. दुकानदार रस्त्यावर उभा राहून फोनवर बोलत होता, पाठ दुकानाकडे. तिने कार्ड पुढे केलं तर हातानेच सांगितलं, काचेवर ठेव आणि हिरवं बटण दाब, कागद संपलाय, खालच्या खणात घाल. तिने कागद घातला. मशीन घरघरलं. आधीचं काम कागदाअभावी अर्ध्यावर थांबलं असेल तर मशीन आधी तेच पुरं करतं, हे तिला कुठून ठाऊक असणार? कागद बाहेर येत राहिले. शेवटी तिच्या ओळखपत्राच्या दोन प्रती आल्या. तिने सगळा गठ्ठा उचलला, दहाची नोट ठेवली आणि निघाली.

धर्मशाळेत बायकांच्या हॉलमध्ये तीसेक मुली गोधड्या घेऊन पडलेल्या. कुणी पुटपुटत पाठ करतंय, कुणी घोरतंय. इमरती जिन्याच्या दिव्याखाली बसली आणि झेरॉक्स वेगळी काढायला गेली.

वर चार पानं होती. प्रश्न क्रमांक सत्त्याऐंशी ते दीडशे. हिंदीत आणि इंग्रजीत. पान तिरकं, एका कोपऱ्यात कुणाच्या अंगठ्याची सावली, म्हणजे मोबाईलने फोटो काढून मग छापलेलं. उत्तरांवर पेनने खुणा केलेल्या.

असल्या रात्री गेस पेपर ढिगाने फिरतात, तुम्हाला माहीत आहे. दोन-दोन हजारांत विकतात, सकाळी एकही प्रश्न येत नाही. पण गेस पेपरावर पुस्तिकेचा सात आकडी क्रमांक नसतो. या पानांच्या खाली तो होता.

ती मला म्हणाली, "मौसाजी, कळायच्या आधीच पाच प्रश्न वाचून झाले होते. तीन मला येत होते. दोन येत नव्हते. आता ते दोन पण येतात. मी काय करू, डोळे परत करू?"

ती तिथे तासभर बसून होती. वाचलं तर नोकरी. फाडलं तर ज्यांनी पंधरा-पंधरा लाख भरून, मोबाईल आणि मूळ सर्टिफिकेटं दलालाकडे गहाण ठेवून, आत्ता कुठल्या तरी फार्महाऊसवर हेच पाठ करत होते, ते पुढे जाणार. आणि सांगितलं तर परीक्षा रद्द, आणि तिचं वय संपलेलं. तिन्ही बाजूंनी तीच कापली जाणार होती.

शेवटी तिने फोटो काढले. प्रवेशपत्राच्या मागे तक्रारीचा नंबर असतो, त्यावर पाठवले. अकरा सतरा. एकच टिक आली. समोरचा फोन बंद. तिला एवढं कळत होतं, की याची किंमत घड्याळावर आहे. पेपर सुरू व्हायच्या आधी कुठेतरी नोंद झाली, तर पुरावा. दहा वाजल्यानंतर हाच कागद रद्दी. मग ती शाल लपेटून चौकीकडे चालू लागली.

स्टँड ते चौकी, मध्ये आमची शाळा. धुकं असं, की खांबाचा दिवा खांबाखालीच संपत होता. शाळेच्या भिंतीजवळून जाताना तिला वाटलं, कुणी मागून येतंय. ओल्या चपलांचा आवाज. थांबली. आवाज थांबला. वळून पाहिलं... कुणी नाही.

चौकीत एकटा मुन्शी, तिथला लेखनिक. तेजकरण त्याचं नाव, शेगडीवर हात शेकत बसलेला. तिने कागद पुढे ठेवले, रोजनामच्यात, चौकीच्या नोंदवहीत, नोंद घ्या म्हणाली, वेळ घालून.

त्याने पानं पाहिली आणि परत सरकवली. "कुठे मिळाले?"

तिने सांगितलं.

"कोण मानणार? पेपर तुझ्या हातात आहे, बाई. फिर्यादी तूच आणि पहिली आरोपीही तूच. शेगडीत टाक आणि झोप जा. सकाळी पेपर दे."

हे तो काही वाईटपणाने बोलला नव्हता. त्याला खरंच तिची दया आली होती. ती उठली नाही. तेव्हा तो तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणाला, "आणि तिला आत बोलाव. थंडीत कशाला उभी केलीस?"

"कुणाला?"

"तुझ्याबरोबरच्या बाईला."

इमरतीने मागे पाहिलं. दार. धुकं. बाकी काही नाही.

"मी एकटी आलेय," ती म्हणाली.

मुन्शी हसायला गेला. हसू अर्ध्यावर राहिलं. तो मला म्हणाला, "बाबूजी, पिवळी ओढणी होती. डोक्यावरून पाणी गळत होतं. आणि हातात प्लास्टिकची पिशवी, आत प्रवेशपत्र. मी ती पिशवी ओळखली."

ओळखणारच. त्या रात्रीच्या दोन वर्षं आधी त्यानेच तिचा पंचनामा केला होता. सायर नावाची बाई. त्या रद्द झालेल्या परीक्षेत पास झाली होती, कुणालाही काही न देता. रद्द झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी आमच्या शाळेमागच्या टाक्यात उतरली. जमिनीखालचं पाण्याचं टाकं, तुम्हाला ठाऊक आहे. तिला वर काढलं तेव्हा ती पिशवी मुठीत होती. आतलं प्रवेशपत्र कोरडं.

मुन्शीने मान खाली घातली. थोड्या वेळाने वर पाहिलं.

ती उंबऱ्याच्या आत होती.

बोलत नव्हती. काही मागत नव्हती. फक्त... रोजनामच्याकडे बघत होती.

त्याने पेन उचललं. इमरतीला दिसत होतं ते एवढंच, की आत्ताच नाही म्हणणारा माणूस लिहितोय. रात्री अकरा बावन्न. पुस्तिकेचा क्रमांक. पानं चार. प्रश्न सत्त्याऐंशी ते दीडशे. तक्रारदाराची सही. लिहून झालं आणि त्याने वर पाहिलं. दार मोकळं होतं.

पहाटे पाचला मोठे साहेब आले. पुस्तिकेचा क्रमांक आमच्याच केंद्राचा निघाला, तेव्हा सात वाजता आमच्या शाळेतल्या पेट्या सगळ्यांसमोर उघडल्या. वरची सीलं शाबूत. पण एका पाकिटाची खालची कड ब्लेडने कापून परत गोंदाने चिकटवलेली. आत तोच क्रमांक. पेट्या ठेवतात त्या खोलीला दोन कुलुपं असतात, एक किल्ली प्राचार्यांकडे आणि दुसरी बाहेरून आलेल्या निरीक्षकाकडे, म्हणजे एकट्याला उघडता येऊ नये. निरीक्षकाला घरी झोपायचं होतं. जाताना आपली किल्ली प्राचार्यांकडे ठेवून गेला. एवढंच.

साडेआठला परीक्षा रद्द. राज्यभरात लाखो पोरं बस स्टँडांवर. धर्मशाळेत इमरती सामान घ्यायला गेली तर एका मुलीने तिचं गाठोडं जिन्यावरून खाली फेकलं. म्हणाली, "झेरॉक्सवालीच ना तू? माझं बाळ सहा महिन्यांचं, सासूकडे टाकून आले होते मी." इमरतीने कपडे गोळा केले.

वर्तमानपत्रात आलं, पेपरसह तरुणी ताब्यात. झेरॉक्सवाला पळून गेलेला, तेव्हा कुणाचं तरी नाव लागणारच. एकवीस दिवस आत होती. सुटली ती त्या रोजनामच्याच्या नोंदीमुळे, पण चौकशी पुरी होईपर्यंत परीक्षेला बंदी. चौकशी आजही चालू आहे. प्राचार्य निलंबित झाले आणि अकरा महिन्यांनी परत लागले, शेजारच्या गावी. इमरती आता कपड्यांच्या दुकानात फॉल-पिको करते.

आता माझं. शनिवारी संध्याकाळी सात वाजता मी शाळेतून निघालो तेव्हा त्या खोलीत दिवा होता. दाराची दोन्ही कुलुपं खाली जमिनीवर. मला दिसलं. घरी बाजरीची रोटी गरम होती, निवृत्तीला पाच महिने उरले होते. मी सायकल काढली.

हे कुणाला सांगितलं नाही. आज सांगतोय.

परीक्षा चार महिन्यांनी परत झाली. आमचं केंद्र काळ्या यादीत टाकलं असं छापून आलं होतं, तरी तिथेच झाली. नोकरीतला माझा तो शेवटचा आठवडा. उत्तरपत्रिका आणि हजेरीपट मोजून लखोट्यात भरायचं काम माझ्याकडे. अकरा नंबरच्या खोलीचा हजेरीपट हातात आला. याद्या आधीच छापलेल्या, म्हणून इमरतीचं नाव त्यात होतंच. नावावर लाल रेघ, पुढे गैरहजर. पर्यवेक्षकाची सही.

आणि अंगठ्याच्या चौकटीत ठसा.

बाकी सगळे ठसे निळ्या शाईचे. हा शाईचा नव्हता. पाण्याचा. बारीक, बाईमाणसाचा. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, कागद तासाभरापूर्वी गोळा झालेला... आणि तो ठसा अजून ओला होता.

बाहेर जाऊन पर्यवेक्षकाला विचारलं. तो म्हणाला, ते बाक तर दिवसभर रिकामंच होतं.

परत आलो तेव्हा मी खोलीत एकटाच होतो. कुणाला दाखवता आलं असतं. नोंद करता आली असती, वेळ घालून.

मी तो कागद इतरांबरोबर लखोट्यात सरकवला. लाख वितळवली. आणि सील मारलं.