दुपारचा हुंकार

दुपारची भांडी आवरली की धाकटी ताईला कुशीवर वळवायची. पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये दुसरी छोटी उशी, आणि लुळा पडलेला उजवा हात वरच्या बाजूला, नीट उघडा करून ठेवलेला. मग पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत स्टूल घालून ती ताईच्या चेहऱ्यासमोर बसायची. धाकटीने सत्तरी ओलांडली होती, तरी घरात तिचं नाव धाकटीच. घरात म्हणजे आता ताईच्याच तोंडी, आणि ताई तर अर्धांगाच्या झटक्यापासून एक अक्षर बोलली नव्हती.

डोळे उघडे असायचे, पण पाहायचे मात्र कुठेच नाहीत.

"आईला काही कळत नाही, मावशी," भाचा फोनवर म्हणाला होता. वाईट मुलगा नव्हता तो. थकलेला होता. "इथे माझ्या गावाजवळ चांगलं सेवाघर आहे. चोवीस तास नर्स. तू एकटी किती उचलणार तिला? पुढच्या महिन्यात येतो न्यायला."

"आणि कळत असेल तर?"

"तर मी कशाला हलवीन तिला तिच्या घरातून? पण काहीतरी दिसू तर दे."

बोलण्याचे व्यायाम घ्यायला यायच्या त्या बाईंनी सुचवलं, की ताईंना आवडणारं काहीतरी रोज ऐकवा. गाणं, जुन्या गप्पा. मधे थांबा, त्यांना जागा द्या. एखादा नुसता आवाज आला तरी पुष्कळ. घशावर दोन बोटं ठेवली की आवाजाची थरथर कळते, हेही त्यांनी दाखवलं.

ताईला काय आवडतं, ते धाकटीला पाठ होतं. भीतीच्या गोष्टी. पण त्या ताईच्या पद्धतीच्या. लहानपणी एका पांघरुणात शिरून ताई सांगायची आणि धाकटीने हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्टही थांबायची. त्यावरूनच ताई ओळखायची, की भीती कुठवर पोचली. झटकन 'हं' आला तर ऐकणारी अजून मजेत आहे. लांबला तर पांघरूण हनुवटीपर्यंत आलं. आलाच नाही, तर श्वास अडकलाय. मग घाई करायची नाही, तेवढ्यात मनातलं भूत आपलं आपण मोठं होतं.

"रक्त सांडायला अक्कल लागत नाही, बावळे," ताई म्हणायची. "आधी घर दाखवायचं. खरंखुरं, झारा कुठल्या खिळ्याला ते सांगून. मग त्यातली एकच गोष्ट चुकवायची. आणि कोणी केलं ते मरेपर्यंत सांगायचं नाही."

तर धाकटीने दोन कपांची गोष्ट काढली.

"एक शिवणकाम करणारी बाई होती. एकटी राहायची. खिडकीशी मशीन, मशीनवर सुयांची उशी. ओट्याच्या डाव्या हाताला भांडी निथळायची जाळी, जाळीत एक ताटली आणि दोन कप. एक तिचा, एक कुणी आलं-गेलं तर. कुणी येत नसे. सकाळी ती चहाचा कप काढायला गेली, तर जाळीतले दोन्ही कप ओले."

ती थांबली. ताईचे ओठ नेहमीसारखे किंचित उघडे. पंख्याचा आवाज, खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"हं."

बारीक, जरासा घोगरा. धाकटीचा हात तोंडावर गेला. आजाराने आवाज किती चिरकला गं तुझा, असं म्हणत ती ताईच्या कपाळावरून हात फिरवत राहिली आणि रडली. मग डोळे पुसून पुढे म्हणाली, "तिला वाटलं, आपणच धुऊन ठेवले असतील. दुसऱ्या दिवशी तिने तो दुसरा कप कपाटात ठेवून दिला."

"हं."

त्यानंतर रोज दुपारी. हुंकार अगदी जागेवर यायचा. सोप्या वाक्याला झटकन, कप कपाटातून बाहेर आला तिथे लांबलेला. एकदा धाकटीने आवाज खूप उतरवला, तर आलाच नाही. ती मुकाट्याने थांबली, अगदी ताई थांबायची तशी, आणि गंमत वाटून स्वतःशीच हसली. एवढं छान ऐकणारं तिला जन्मात मिळालं नव्हतं.

भाचा न्यायला आला, आणि बॅग दारातच ठेवून त्याने मावशीकडून गोष्टींचं आणि हुंकाराचं ऐकलं.

"भुताच्या गोष्टी? मावशी, आईला आधीच ब्लडप्रेशर आहे!"

"ह्याच गोष्टी सांगून तुला दूध पाजलंय तिने. तिथेच उभा राहा, आणि गप्प राहा."

तो दाराशी उभा राहिला. धाकटी आपल्या जागेवर बसली. आज नीट सिद्ध करायचं होतं, म्हणून बाईंनी दाखवलं होतं तशी दोन बोटं तिने ताईच्या घशावर अलगद ठेवली. घसा गरम होता. नाडी लागत होती.

"कपाटाला तिने कुलूप लावलं. किल्ली उशीखाली. सकाळी उठली, तर जाळीत दोन कप. आणि तिचा चहा अजून व्हायचा होता, तरी एक कप गरम."

"हं..."

दारात भाच्याने हुंदका दिला.

धाकटीची बोटं तशीच राहिली. बोटांखाली काहीही हललं नव्हतं.

तिने हळूच पुढचं वाक्य टाकलं. हुंकार आला. घसा शांत. आवाज ताईकडून येतच नव्हता. तो धाकटीच्या मागून येत होता, भिंतीकडून, जिथे स्टूल आणि भिंत यांच्यामध्ये हातभरसुद्धा जागा नव्हती.

तिने वळून पाहिलं नाही.

"मावशी," भाचा डोळे पुसत म्हणाला, "आईच ना गं ती?"

धाकटीने ताईकडे पाहिलं. तो खुला ठेवलेला हात, ते कुठेच न पाहणारे डोळे. नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत हा पलंग रिकामा.

"दुसरं कोण असणार?" ती म्हणाली.

भाचा दोन दिवस राहून, मदतीला एक बाई लावून देऊन, एकटाच परत गेला.

पुढच्या दुपारी धाकटी स्टूल पलंगाला अगदी चिकटवून बसली. पण गोष्ट अर्धी राहिली होती, आणि ज्याने ताईला तिच्या घरात ठेवलं त्याला अर्ध्यावर सोडणं तिला जमलं नाही. मागे न वळता ती सांगत राहिली. हुंकार येत राहिला. हळूहळू तिला भीती वाटेनाशी झाली. पाठीला कधी कधी गारवा लागे, तेवढंच.

बोटं मात्र ती घशावरच ठेवायची. आणि एका दुपारी मागून 'हं' आला, आणि त्याच्या पाठोपाठ, ओबडधोबड, अडखळत, कुणीतरी शिकवलेलं म्हणून दाखवावं तशी बोटांखाली थरथर उठली.

"ताई!"

"हं," ताई म्हणाली. जाड, तिचा स्वतःचा आवाज. मागचा बारीक आवाज तिच्या आधी क्षणभर यायचा आणि वाट पाहायचा. दिवसेंदिवस ताईचा हुंकार लवकर येऊ लागला. व्यायामाच्या बाई खूश झाल्या. भाच्याला फोनवर ऐकवलं, तो लहान पोरासारखा हसला.

मग एक दिवस गोष्ट ऐन रंगात असताना ताईचे डोळे फिरले. आधी धाकटीवर आले, थांबले, ओळखीचे झाले. मग ते तिच्या खांद्यावरून मागे गेले, आणि तिथेही ओळखीचे झाले.

"धाकटे," ताई एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "तिला... बसायला दे. किती दिवस... उभी."

धाकटीने विचारलं, "जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणू?"

ताईने नुसते डोळे नकारार्थी हलवले. चेहऱ्याच्या चांगल्या बाजूला हसू आलं, मायेचं.

"उंच होईल गं. पाय पोचायचे नाहीत तिचे."