फरक शून्य झाल्यावर द्यावा

शीतनिद्रा हा मानवाने काळावर मिळवलेला पहिला विजय आहे, असं टायटनवरच्या केंद्राच्या उद्घाटनाच्या भाषणात म्हटलं होतं. प्रत्यक्षात ती आली डाळीमुळे. शनीच्या या नारिंगी चंद्रापर्यंत माणशी वर्षाची डाळ, तेल आणि प्राणवायू वाहून नेणं परवडेना, म्हणून कुणीतरी हिशोब मांडला की, निम्म्याहून जास्त माणसं झोपवून ठेवली तर भागेल. तेव्हापासून प्रत्येकाने एक वर्ष जागायचं आणि दोन वर्षं झोपायचं, असं ठरलं. झोपेत शरीर इतकं गार ठेवत की, दोन वर्षांत ते जेमतेम आठवडाभराने म्हातारं होई. त्यामुळे प्रत्येकाला दोन वयं असत. जन्मतारखेवरून निघणारं पंचांगी वय आणि देहाने खरोखर भोगलेलं देहवय. पहिलं कागदावर राहत असे. माणसं एकमेकांना विचारत ते दुसरं.

इंद्रजित गोवंडेचं देहवय तेहेतीस होतं आणि शलाका देवस्थळीचं पंचेचाळीस. तो हवेचे पंप सांभाळायचा, ती मिथेनच्या तळ्यावरच्या लाटा मोजायची. टायटनवर वजन कमी, म्हणून तिथली लाट उठते ती जणू उठावं की नाही याचा विचार करत, आणि बसते तेव्हाही घाई करत नाही. शलाका खिडकीशी बसून त्या लाटा बघायची आणि इंद्रजित, पंपांकडे बघायचं सोडून, तिच्याकडे. नारिंगी धुकं काचेला टेकलेलं असायचं. अशा उजेडात माणसाला काही विचारावंसं वाटतं, पण विचारण्याची गरजही वाटत नाही. त्यात दोघांचं जागेपणाचं वर्ष संपत आलं.

चारच दिवस उरले असताना तो निद्रावैद्य फातिमा मुकादम यांच्याकडे गेला. झोपणाऱ्यासाठी संदेश ठेवायचा तर त्यांच्याकडेच द्यावा लागे; जाग आली की पहिल्या पेजेबरोबर तो हातात मिळे. डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या आणि संदेश वाचल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. जाग येताना हृदय नाजूक असतं, हे त्यांचं वैद्यकीय कारण होतं.

मसुदा वाचण्याआधीच त्यांनी दोन प्रश्न विचारले. शलाकाच्या सहीवर त्याची बढती किंवा कामाची पाळी ठरते का? किंवा त्याच्या सहीवर तिची? नाही, खाती वेगळी होती. आणि तिच्याकडून काही कधी आलंय का, की हे सगळं एकट्याचंच चाललंय? इंद्रजितने आठवून सांगितलं की चार नंबरचा पंप घोरतो अशी लेखी तक्रार तिने केली होती. तो दुरुस्त केल्यावर, आता झोप लागत नाही, अशी दुसरी केली. ती जेवायला त्याच्यासमोरची खुर्ची धरते. ती रिकामी नसली तर ताट घेऊन उभी राहते.

"बरं आहे की मग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाखव."

पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, 'वय हा केवळ एक आकडा आहे.'

"हे समवयस्क बाईला लिहिलं असतंस का? नाही ना? म्हणजे तुला तो आकडा फार मोठा दिसतोय. काढ ते."

दुसऱ्यात त्याने लिहिलं होतं की, ती पस्तिशीची वाटते. त्यावर बाईंनी विचारलं, "पंचेचाळीस वाटली असती तर आवडली नसती का तुला?" तिसऱ्यात, आपल्याला प्रौढ स्त्रियाच भावतात, असा कबुलीजबाब होता. बायकांचा एक गट ठरवून तिला त्यात बसवू नकोस, तिच्यासारखी ती एकच आहे आणि ती घोरणाऱ्या पंपावर तक्रार करते, त्याबद्दल लिही, असं बाईंनी सांगितलं. चौथा मसुदा चार पानांचा होता. तो त्यांनी न वाचता परत केला. पहिला संदेश चार ओळींचा असावा, त्यात तुमच्या दोघांतलीच एक गोष्ट असावी, एक प्रश्न असावा आणि नाही म्हणायला सोपी वाट असावी. वयाचा उल्लेख करायचा तर एकदाच, सरळ, माफी न मागता. आणि उत्तर आलं नाही तर दुसरा संदेश नाही.

"आणि अहो-जाहो?"

"तेच ठेव. अरे-तुरेवर यायचं ते तिला येऊ दे."

दुसऱ्या दिवशी त्याने पाचवा मसुदा आणला.

'शलाका, चार नंबरचा पंप पुन्हा घोरायला लागलाय. तुम्हाला झोप लागावी म्हणून मी तो बिघडवलाय, हे कुणाला सांगू नका. तुम्ही समोर बसलात की मला जेवणात मीठ आहे की नाही ते कळत नाही. उठल्यावर एक संध्याकाळ माझ्याबरोबर खिडकीशी बसाल का? आपल्यात बारा वर्षं आहेत, मला ती चालतात. तुम्हाला चालत नसतील तर नुसतं तेवढंच सांगा. पंप तरीही तुमच्या सांगण्याप्रमाणे घोरेल.'

डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. "हा देते," त्या म्हणाल्या. "तूही झोप, तिच्याबरोबरच उठशील."

इथवर सगळं नीट झालं होतं. पण संदेशाच्या पाकिटावर एक ओळ रिकामी असते, 'केव्हा द्यावा'. बहुतेक लोक तिथे 'जाग येताच' लिहितात. इंद्रजितने पेन टेकवलं आणि त्याला वाटलं, चालतात असं लिहिलंय खरं, पण तिला चालतील का? ती हसली तर? त्यापेक्षा आपण झोपलोच नाही तर? ती दोन वर्षं झोपेल, आपण जागू. एका फेरीत अंतर दोन वर्षांनी घटेल. सहा फेऱ्यांत ते उरणारच नाही. आपल्या वाटची झोप घ्यायला तर कुणीही तयार होईल, पृथ्वीवर तरुण परतायचं कुणाला नको असतं? त्याने लिहिलं, 'देहवयातला फरक शून्य झाल्यावर द्यावा.'

बाईंनी ओळ वाचली. "हा मूर्खपणा आहे," त्या म्हणाल्या. पण नियमात बसत होता.

मग वर्षं गेली, तिथल्या लाटांसारखी. शलाका उठायची, वर्षभर जागायची, समोरच्या खुर्चीवर बसायची, झोपायची. दर वेळी इंद्रजित तिला दोन वर्षांनी आणखी म्हातारा झालेला दिसायचा. कानशिलं पांढरी झाली, मग जिना चढताना तो थांबू लागला. चौथ्या फेरीत तिने विचारलं की, तू झोपत का नाहीस. त्याने सांगितलं, पंपांमुळे. ती लाटा मोजायला गेली. मधल्या काळात डॉक्टरीणबाई निवृत्त होऊन पृथ्वीवर परतल्या. पाकीट कपाटातच राहिलं.

सतरा वर्षांनंतर शलाका सहाव्यांदा उठली तेव्हा दोघंही पन्नास वर्षांचे होते. पेजेच्या वाटीशेजारी पाकीट होतं. संध्याकाळी ती खिडकीशी येऊन बसली. तो तिथे आधीच होता.

"फार छान लिहिलंयस," ती म्हणाली. "मी आतापर्यंत सातदा वाचलं."

त्याने विचारलं की, मग?

"मला ती बारा वर्षं चालत होती, इंद्रजित. मी मोठी, मी कसं विचारणार, म्हणून तुझ्यासमोर ताट घेऊन उभी राहायचे. दर वेळी उठताना वाटायचं, आज विचारेल." तिने कागदाची घडी हळूच घातली. "ज्याने हे लिहिलं त्याला मी हो म्हणाले असते. तो कुठे आहे, सांगशील?"

बाहेर एक लाट उठायला निघाली होती.

"आणि तू रागावू नकोस," ती म्हणाली, "पण माझ्या वयाचे पुरुष मला पहिल्यापासून कंटाळवाणे वाटतात."

त्या दिवशी केंद्रावर अकरा पुरुष जागे होते. इंद्रजित धरून त्यांतले नऊ जण पन्नाशीच्या आसपासचे होते; उरलेले दोघे तिशीतले.