शाल्मलीचा पडदा

चंद्रावरच्या सोमपूर वसाहतीत सहाशे माणसं राहत होती आणि त्यांतला प्रत्येक जण कोणत्याही क्षणी कुठे आहे हे गावाला ठाऊक होतं. लाव्हाच्या जुन्या बोगद्यात वसलेल्या गावात हवा दर घनमीटरला मोजून सोडावी लागते, म्हणून प्रत्येकाच्या हातात 'मनगटी' असायची. ती श्वास मोजायची, भोवतालची हवा मोजायची आणि जागा कळवायची. घरातल्या मोठ्यांना लहानांची जागा भिंतीवरच्या नकाशावर दिसायची. तशी सोय पहिल्या वर्षापासून होती आणि तिच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण आता पहिल्या वर्षी आलेली मुलं पंधरा वर्षांची झाली होती.

"माझ्या मुलीचा ठिपका गेल्या आठवड्यात पावणेदोन तास भाजीच्या वाफ्यांपाशी होता," मंजिरी सामंत सांगत होती. "मी एवढंच विचारलं, कोणाबरोबर होतीस? तर चार दिवस अबोला."

डॉ. नसीम मुकादम यांनी मान डोलावली. सोमपूरच्या मनोविज्ञान प्रयोगशाळेत त्या तिघी बसल्या होत्या. मंजिरी वायुविभागात अभियंता होती, दिवसभर झडपा तपासणारी. घरी आल्यावरही तिची नजर कशा ना कशावर असायचीच. शेजारच्या खुर्चीत शाल्मली संमतिपत्र वाचत होती. पहिल्या पानापासून, एकेक ओळ.

"आई, एवढंच नव्हतं विचारलंस," ती मान वर न करता म्हणाली. "वाफ्यांपाशी काय काम होतं, हेही विचारलंस. आणि बाबांना वेगळं विचारायला लावलंस."

"बाबांनी आपणहून विचारलं."

"बाबा आपणहून चष्मासुद्धा शोधत नाहीत!"

डॉक्टरांना हसू आलं. "मंजिरीताई, एक मोजमाप सांगते. आम्ही चाळीस घरं दोन वर्षं पाहिली. आईवडिलांना मुलांबद्दल जे जे ठाऊक होतं ते कुठून आलं, याची यादी केली. नकाशावरून फार थोडं आलं, चौकशा करून त्याहून थोडं अधिक. बाकी जवळजवळ सगळं मुलांनी आपणहून सांगितलेलं होतं, पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, मध्येच. आणि नकाशा जितका जास्त उघडला, तितकं हे सांगणं आटत गेलं."

"म्हणजे मी बघते म्हणून मला कमी कळतं?"

"बघितल्यावर ठिपका कळतो. पोरगी कळत नाही."

त्यावरचा उपाय म्हणजे पडदा-प्रणाली. शाल्मलीची जागा नकाशावरून झाकायची. आईला दिसेल तो फक्त एक हिरवा दिवा, प्राणदीप: श्वास ठीक, हवा ठीक. यांत काही बिघडलं तर पडदा असो नसो, साऱ्या गावात भोंगा वाजणार. एरवी आईला वाटलं तर ती पडदा उचलू शकेल. पण उचलला की त्याच क्षणी मुलीच्या मनगटीवर खूण उमटेल.

"तीन महिन्यांचा प्रयोग आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण पडदा लावण्याआधी घरी बसून करार करा. तीन याद्या. ज्यावर घासाघीस नाही अशा गोष्टी पहिल्या यादीत. ज्यांवर बोलणी होतील त्या दुसऱ्या. आणि ज्या सर्वस्वी तिच्या, त्या तिसऱ्या. तिसरी यादी रिकामी ठेवलीत तर पहिली कुणी पाळणार नाही."

मंजिरीने शेवटचं पान काढून सही केली. शाल्मली अजून नवव्या पानावर होती.

"बाई, सही कर की," मंजिरी म्हणाली.

"वाचल्याशिवाय? तू झडप न तपासता उघडतेस का?"

करार व्हायला तीन रविवार गेले. पहिल्या यादीवर वाद झालाच नाही: प्राणवायूची राखीव कुपी खांद्यावर असल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, बाहेरच्या दारांजवळ एकटीने जायचं नाही, मनगटी काढायची नाही. घोडं अडलं ते वेळेवर.

"दिवेलागणीच्या आत घरी," मंजिरी म्हणाली. तिच्या आईने तिला असंच वाढवलं होतं.

"मान्य," शाल्मली चटकन म्हणाली. "इथे सूर्य चौदा दिवसांनी मावळतो. तेवढ्यात येईन की."

नितीनला, म्हणजे तिच्या बाबांना, ठसका लागला. मंजिरीने त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने पाणी प्यायचं निमित्त केलं.

"सात," मंजिरी म्हणाली.

"साडेआठ."

"कशासाठी साडेआठ? कारण सांग. मीही माझं सांगते."

डॉक्टरांनी हेच सुचवलं होतं, आकडा नको, कारण सांगा. मंजिरीचं कारण निघालं की आठला पाळी बदलते, गावातली अर्धी माणसं तेव्हा कामाच्या जागी पांगलेली असतात, काही झालं तर पटकन कुणी सापडायचं नाही. शाल्मलीचं निघालं की नाटकाची तालीम सव्वासातला संपते आणि प्रत्येक वेळी शेवटच्या प्रवेशाआधी तिलाच उठावं लागतं, सगळे हसतात. दोघींनाही दुसरीचं कारण प्रथमच कळत होतं. साडेसात ठरलं. चार आठवडे वेळेवर आल्यास आठ करण्यावर बोलणी. उशीर होणार असेल तर आधी निरोप. निरोपाविना उशीर झाला तर जितकी मिनिटं उशीर, पुढच्या आठवड्यात तितकी मिनिटं लवकर. त्यावर ओरडणं नाही, मागची उकरणी नाही. आईने मात्र वीस मिनिटं थांबायचं, मग मनगटीवर एक निरोप, मग एक हाक, आणि त्यानंतरच पडदा. आणि पडदा उचललाच, तर का उचलला हे तिने स्वतः सांगायचं.

तिसऱ्या यादीत शाल्मलीने लिहिलं: माझी खोली, माझे निरोप, माझ्या मैत्रिणींची गुपितं. मंजिरीने तीन वेळा वाचलं. "खोलीत उष्टी ताटं राहिली तर?"

"ताटं दुसऱ्या यादीत घाल."

पहिले आठ दिवस मंजिरीचे वाईट गेले. ती प्राणदीपाकडे बघत भाजी चिरायची. मग हळूहळू कान तयार झाले. साडेसातला दार सरकायचं, आणि कणीक मळता मळता शाल्मली काहीबाही सांगू लागायची. वाफ्यांपाशी कोण भेटतं तेही एकदा आपसूक निघालं: जुई. तिच्या आईला पृथ्वीवर परत बोलावलं होतं, म्हणून जुई हल्ली गप्प असते. मंजिरीने विचारलं काहीच नव्हतं. पाचव्या आठवड्यात वेळ आठ झाली. सामंतांच्या घरी कुणी मोठ्याने बोलत नाही, अशी शेजाऱ्यांकडून तक्रारवजा चौकशी झाली.

प्रयोग संपायला पाच दिवस उरले असताना आठ वाजले आणि दार सरकलं नाही.

आठ वीस झाले. मंजिरीने ठरल्याप्रमाणे निरोप पाठवला. उत्तर नाही. एक हाक. उत्तर नाही. प्राणदीप हिरवाच होता.

"हिरवा आहे ना," नितीन म्हणाला.

"हिरवा म्हणजे श्वास चालू आहे. रडत असली तरी हिरवाच असतो."

आठ पंचवीसला तिने पडदा उचलला. सगळं कराराप्रमाणे होतं.

पडद्यामागे लिहिलं होतं: *या व्यक्तीची जागा नोंदवलेली नाही.*

तिने पुन्हा उचलला. तेच. मग तिने थेट डॉ. मुकादमांना हाक लावली. "डॉक्टर, तुमची प्रणाली बिघडलीय! माझी मुलगी दिसत नाहीये!"

"बिघडलेली नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही दुसऱ्या गटात आहात. संमतिपत्राचं नववं पान. अर्ध्या घरांच्या पडद्यामागे जागेची नोंद आहे, अर्ध्यांच्या मागे काहीच नाही. फक्त श्वास आणि हवा. गुण पडद्यामागच्या माहितीचा की कराराचा, हे आम्हाला पाहायचं होतं. आपण कोणत्या गटात आहोत हे पालकांना सांगायचं नव्हतं."

मंजिरी खाली बसली. "म्हणजे हे तीन महिने मला काहीच माहीत नव्हतं."

"खरंच? मंजिरीताई, ती आत्ता कुठे असेल?"

"मला कसं—" मंजिरी थांबली. परवा पोळ्या लाटताना शाल्मली सांगत होती. आपण भाजीच्या मिठाचं बघत होतो. "जुई उद्याच्या यानाने जातेय. तिला शेवटचा मावळता सूर्य बघायचा होता. आज सूर्यास्त आहे. बोगद्याच्या तोंडाशी ती पश्चिमेची खिडकी आहे ना, तिथे." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. "आणि इथे सूर्याची थाळी बुडायलाच तासाहून जास्त लागतो. ती अर्ध्यावर उठणार नाही. जुईला टाकून तर नाहीच."

"जाणार का बघायला?"

मंजिरीने दाराकडे पाहिलं. पश्चिमेची खिडकी चार मिनिटांवर होती.

"नको. येईल."

आठ पस्तीसला दार सरकलं. शाल्मलीचे डोळे लाल होते, कुपी खांद्यावर होती. ती मनगटीकडे बघत आत आली.

"पस्तीस मिनिटं," तिने स्वतःच सांगितलं. "जुई रडत होती, मी मनगटी मुकी केली. निरोप पाठवायला हवा होता. पुढचा आठवडा सात पंचवीस. आणि तू पडदा उचललास."

"उचलला. वीस मिनिटं थांबले, निरोप, हाक, सगळं केलं. भीती वाटली म्हणून उचलला. दोनदा."

"काय दिसलं?"

नोंद होती असं भासवलं तर पुढे वचक राहील, हा विचार मंजिरीच्या मनात आला नाही असं नाही. "काही नाही दिसलं," ती म्हणाली. "मागे काही नव्हतंच. पहिल्या दिवसापासून."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"नववं पान, आई. 'सहभागी व्यक्ती स्वतःची नोंद केव्हाही पाहू शकेल.' तुला काय काय दिसणार ते बघायला मी पहिल्याच संध्याकाळी उघडली. कोरी होती."

नितीन शेगडीपाशी हसू दाबत होता. मंजिरीच्या डोळ्यांसमोरून तीन महिन्यांच्या संध्याकाळी सरकल्या. एकूण एक साडेसात, एकूण एक आठ.

"कुणी बघत नाही हे ठाऊक असून रोज वेळेवर आलीस? आणि ते सगळं बसून सांगत होतीस?"

"कुणी बघत नव्हतं म्हणूनच ना," शाल्मलीने कणकेची परात पुढे ओढली. "मी नसतं सांगितलं तर तुला कळलं कसं असतं?"

मंजिरीने पोळपाट मांडला आणि तिच्यासमोर बसली. भाजीत मीठ घातलं होतं की नाही ते तिला आठवेना, आणि या वेळी ती ते बघायला उठलीही नाही.

"मग?" ती म्हणाली. "कसा होता मावळता?"