राजीनाम्याआधीची दोन पत्रं

थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. घरी दोन पाळण्यांतली रडारड, शाळेत तिसरीचा वर्ग. एकाला गप्प करावं तर दुसरा बाकावर! धाकटी बहीण त्या वर्गाची मास्तरीण, ती पार कावली. तिला शिकवायचं कसं ते शिकवणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या मोठ्या बाईंना तिनं चार पानं लिहिली... शाळा सोडू का?

उत्तर घेऊन शाळेच्या फाटकाशी एक स्कूटरवाला आला.

"मास्तरीणबाई तुम्हीच ना? मी बाईंचा भाचा. पंखे दुरुस्त करतो. आज पोस्टमन."

तिनं पाकीट फोडलं. तिचंच पत्र, लाल शाईनं तपासलेलं! खाली शेरा — 'तीन पानं मुख्याध्यापकांवर, एक पगारावर. तुझ्यावर एक ओळ नाही. पुन्हा लिही.'

"मी सल्ला मागितला होता, गुण नव्हे!"

"नशीबवान आहात. मला तर अंगठे धरायला लावायच्या."

"हसू नका हो!"

"बरं... रागावून घ्या. मी थांबतो."

आणि खरंच थांबला, मेला!

चरफडत तिनं पुन्हा लिहिलं. या वेळी खरं तेच — 'मुलं गोड आहेत. शिकवणं जमतंही. पण वर्गाच्या दाराशी आलं की रोज परत फिरावंसं वाटतं. धडे लिहायला बसले की मात्र भूक-तहान विसरते. सोडलं तर मी पळपुटी ठरेन का?'

भाच्यानं उत्तर आणलं, ते हसू आवरूनच.

'जमतं म्हणून जन्मभर करावंच असं नाही,' बाईंनी लिहिलं होतं. 'पण रागाच्या दिवशी राजीनामा देऊ नकोस. आधी दुसरं काम बघ. मग एक महिन्याची लेखी सूचना दे, पोच घे. सहामाहीचे पेपर तपासून गुण भर. कोण कुठं अडतो, कोणाला पुढं बसवायचं, हे नव्या बाईंना समोर बसून सांग. अनुभवाचा दाखला हातात पडल्याशिवाय फाटक ओलांडू नकोस.'

तिनं अगदी तसंच केलं. पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या कचेरीत धडे लिहायचं काम मिळालं. महिनाभर भाचा 'बाईंनी विचारलंय' म्हणत फाटकाशी येत राहिला. शेवटच्या दिवशी दाखला घेऊन ती बाहेर आली, तर हा उभाच.

"आज काय विचारलंय बाईंनी?"

"आज... बाईंनी काही नाही. मीच विचारतोय."

"मग नीट विचारा की! चाचरता काय?"

"माझ्याशी लग्न कराल?"

"इतके दिवस काय झोपला होतात? करेन!" ती चिडूनच म्हणाली, आणि स्कूटरवर मागे बसली.

लग्नात अक्षता टाकताना मोठ्या बाईंनी दोघांनाही ताठ उभं राहायला लावलं. त्याच वर्षी, थंडी सरता सरता, त्या झोपेतच वारल्या.