इंग्रजीत नसलेलं प्रकरण

चष्म्याची काडी तुटली आणि ती समोर दिसेल त्या चष्मेवाल्याच्या दुकानात शिरली. चष्म्याशिवाय तिला माणसांची नुसती ठिगळं दिसत. काउंटरपलीकडे असंच एक उंच, पांढऱ्या शर्टाचं ठिगळ उभं होतं.

"दहा मिनिटं बसा," ठिगळ म्हणालं. आवाज बरा होता.

तुटलेला तुकडा शोधायला तिनं पिशवी काउंटरवर उपडी केली. त्यात एक जाडजूड पुस्तक होतं. चष्मेवाल्याच्या हातातला पेचकस थांबला.

"हे... तुमच्याकडे कसं?" आणि त्यानं मुखपृष्ठावरचं नाव मोठ्यानं वाचलं. तिनं ते नाव आज पहिल्यांदा ऐकलं. दीड वर्ष ते पुस्तक तिच्या टेबलावर होतं!

"तुम्हाला वाचता येतं?"

"आईची भाषा आहे. डोंगरातली चार खोरी सोडली तर कुणी बोलत नाही. तुम्ही कुठे शिकलात?"

"मला एक अक्षर येत नाही. मी फक्त या कादंबरीचा अनुवाद केलाय."

तो हसला. ती नाही हसली. तिनं समजावून सांगितलं. या भाषेतून मराठीत आणणारा एकही अनुवादक नाही. एका परदेशी अभ्यासकानं पुस्तक इंग्रजीत नेलं होतं, तिनं इंग्रजीवरून मराठीत आणलं. मूळ प्रत प्रकाशकानं दिली, ती नुसती जवळ ठेवायला.

"म्हणजे शेजारणीनं सांगितलेली गोष्ट तुम्ही पुढे सांगितलीत."

"शेजारीण खोटारडी नाहीये," ती फणकाऱ्यानं म्हणाली.

"नसेल हो. पण शेजारणी जरा स्वतःचं घालतात... जरा गाळतात."

त्यानं चष्मा तिच्या डोळ्यांवर बसवला. ठिगळाचा चेहरा झाला. ती जरुरीपेक्षा क्षणभर जास्तच बघत राहिली.

सोमवारी पुस्तक छापायला जाणार होतं. तो गुरुवार होता. रात्रीपुरतं त्यानं पुस्तक घरी नेलं आणि शुक्रवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघं बसले. तो मूळ वाचून मराठीत अर्थ सांगत होता, तिच्यापुढे इंग्रजी प्रत आणि स्वतःची मुद्रितं होती.

"हा काका कुठून आणलात?" तिसऱ्याच पानावर तो म्हणाला. "हा मामा आहे."

इंग्रजीत मामा, काका, आत्याचा नवरा... सगळ्यांना एकच शब्द. तिनं अंदाजानं काका केला होता.

"आमच्याकडे मुलीचं लग्न मामाच्या शब्दावर ठरतं. काका आडवा आला तर लोक म्हणतील, तू कोण टिकोजीराव?"

एकेचाळीस ठिकाणी काकाचा मामा झाला.

"आणि ही तुमची नायिका, ही नावाडीण, इतकी सभ्य कशी? मुळात एका दमात सात शिव्या देते."

"इंग्रजीत ती 'नाराज झाली' आहे."

"आईनं नुसतं नाराज होऊन सोडलं असतं, तर मी रोज शाळा बुडवली असती!"

ती खळखळून हसली आणि स्वतःच दचकली. असं हसून फार दिवस झाले होते.

रविवारी संध्याकाळी शेवटच्या पानाशी आल्यावर मात्र तिचा आवाज खाली आला. "हा शेवट... मला पाठ आहे." नवरा बुडाल्यावर नावाडीण नाव बांधते आणि काठावर बसून राहते. बस्स. तिचा स्वतःचा नवरा गेल्याला चार वर्षं झाली होती, तेही ती बोलून गेली. ते पान करताना ती ढसाढसा रडली होती. राहायचं ते असंच, हे तिनं त्या पानावरून ठरवलं होतं.

चष्मेवाल्यानं पानं उलटली... आणखी उलटली.

"बाई, हा शेवट नाही. अजून अकरा पानं आहेत."

"काहीतरीच!"

"तेविसावं प्रकरण. हे बघा."

तिनं इंग्रजी प्रत ओढली. बावीस. पुन्हा मोजली. बावीसच. मग जे पान कुणीच वाचत नाही, हक्कांचं आणि मुद्रकाच्या नावाचं, ते तिनं काढलं. मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: या आवृत्तीसाठी मजकूर किंचित संक्षिप्त केला आहे.

दीड वर्ष! आणि ती ओळ तिथेच होती.

प्रकाशकाला तिनं तिथूनच फोन लावला.

"अहो बाई, आपला करार इंग्रजी आवृत्तीचा आहे," तो म्हणाला. "आणि काठावर बसलेली ती विधवा! काय शेवट आहे! वाचक रुमाल काढतील."

"ती बसत नाही, दादा."

"मग काय करते?"

"...ते मला अजून माहीत नाही."

पलीकडून मोठा उसासा आला. "आठ दिवस. लेखिकेची लेखी परवानगी आणा. नाहीतर आहे ते छापतो. आणि नाव तुमचंच राहील."

लेखिका अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. अनुवादिकेनं मराठीत सांगितलं, चष्मेवाल्यानं आईच्या भाषेत लिहिलं. सहाव्या दिवशी उत्तर आलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"त्या लिहितात, मला इंग्रजी येत नाही. माझं प्रकरण कापलं हे मला आज तुमच्याकडून कळलं. पुस्तक आणखी तीन भाषांत गेलंय, तिन्ही इंग्रजीवरून. म्हणजे चार भाषांत माझी बाई अजून काठावरच बसली आहे. तिला तुम्ही तरी उठवा."

तिनं तेच पत्र लेखी परवानगी म्हणून प्रकाशकाकडे धाडलं.

दुसऱ्या दिवशी तेविसावं प्रकरण सुरू झालं. आता तिचा कुणावर विश्वास नव्हता. त्या लिपीत वाक्य संपलं की बारीक पोकळ ठिपका येतो, एवढं तिला कळलं होतं. तो सांगे, ती लिहून घेई आणि ठिपके मोजी. नावाडीण उठली. नाव सोडली. पलीकडच्या सुताराच्या दारात गेली...

"थांबा. इथे नऊ ठिपके आहेत. तुम्ही आठ वाक्यं सांगितलीत."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"एक राहिलं."

"राहिलं की गाळलं?"

"...गाळलं."

ती सुन्न झाली. "तुम्हीसुद्धा?"

"तुम्हाला लागेल असं वाटलं."

"त्या इंग्रजीवाल्यानंही वाचकांच्या भल्यासाठीच कापलं असेल! मला काय लागेल ते मी ठरवीन. वाचा."

त्यानं वाचलं, अगदी हळू. "ती सुताराला म्हणते, तो गेल्यापासून मी चुकून दोन ताटं घेत आले, काल दोन घेतली तेव्हा चूक नव्हती."

पेन हातात तसंच राहिलं. मग तिनं ते वाक्य लिहिलं. एक शब्द खोडून परत लिहिला. डोळे पुसले.

"खरं सांगा. माझ्यासाठीच गाळलंत?"

"निम्मं," तो म्हणाला. "निम्मं माझ्यासाठी. तुमच्याकडे बघून ते वाचणं... ते पुस्तकातलं राहिलं नसतं."

"मग पुस्तक मिटा." तिनं स्वतःच मिटलं. "आता तुमचं सांगा. सरळ. मधे कुणी नको."

तो दोनदा खाकरला. "मला... तुम्ही रोज यायला हव्या आहात. चष्मा न मोडता. म्हणजे... मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"पूर्ण आहे? काही गाळलं नाहीत ना?"

"एक आहे," तो पुटपुटला. "भीती वाटते."

तिनं कागद बाजूला सारला.

"मलाही," ती म्हणाली. "पण हो."